हॉटेलची रूम फोटोपेक्षा वेगळी निघाली: तक्रारीचा ईमेल आणि दरातला फरक मागण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सुट्टी संपली की आठवडाभर तरी कुणी ना कुणी मोबाइल पुढे धरून उभं असतंच. "हे बघा की ओ, फोटोत काय आणि तिथं काय!" गोवा, मालवण, दांडेली, गोकर्ण, महाबळेश्वर, गावं बदलतात, गाऱ्हाणं तेच. गेल्या हिवाळ्यात माझ्याच घरावर ही पाळी आली, तेव्हा दुसऱ्यांना लिहून दिलेले ईमेल स्वतःसाठी लिहिले. खालचे प्रश्न दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर परत परत येतात ते. उदाहरण बहुतेक ठिकाणी माझंच घेतलंय, कारण त्याचे आकडे मला पाठ आहेत. हॉटेलचं नाव मात्र देत नाही. शेवटी त्यांनी पैसे दिले, विषय मिटला.

1. रूम "फोटोसारखी नव्हती" एवढ्यावर पैसे मागता येतात का?

एवढ्यावर नाही. फोटोत चादर पांढरी होती आणि मिळाली पिवळी, पडदे जुने होते, भिंतीवर चित्र नव्हतं, यावर कुणी पैसे देत नाही आणि मागूही नयेत. जे लिहून दिलं होतं, ज्याचे जादा पैसे घेतले आणि जे मिळालं नाही, तेच धरा. बाल्कनी, समुद्राची बाजू, एसी, रूमचा आकार, डबल बेड की दोन कॉट, नाश्ता, लिफ्ट, स्वतंत्र बाथरूम या गोष्टी लिस्टिंगमध्ये शब्दांत असतात. फोटो त्या शब्दांना आधार देतो. नुसत्या फोटोवर भांडायला गेलात तर ते "कॅमेऱ्याचा अँगल" म्हणून मोकळे होतात.

माझ्या बाबतीत लिस्टिंगवर तीन गोष्टी होत्या: "डिलक्स, समुद्राच्या बाजूची बाल्कनी, 200 चौरस फूट". मिळालेली रूम तळमजल्यावर मागच्या बाजूला. बाल्कनी नाहीच. खिडकी उघडली तर शेजारच्या इमारतीची भिंत इतकी जवळ की आईने हात बाहेर काढून तिला बोटं टेकवली आणि म्हणाली, "हा घे तुझा समुद्र." डबल बेडच्या जागी दोन कॉट जोडून वर एकच चादर ओढलेली, मधे बोटभर फट.

2. रूममध्ये पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

सामान उघडायच्या आधी फोटो काढा. पिशव्या पसरल्या, ओले टॉवेल दोरीवर पडले, की तीच रूम फोटोत तुमच्यामुळे खराब दिसायला लागते. दारावरचा रूम नंबर एका फोटोत यायलाच हवा. नंतर दारातून आतला एक, खिडकीतून बाहेरचा एक, बाथरूमचा एक. शेवटी एक छोटा व्हिडिओ काढा, दारावरच्या नंबरपासून सुरू होऊन न थांबता खिडकीपर्यंत जाणारा. हा व्हिडिओ मला सगळ्यात उपयोगी पडला, कारण "हा फोटो आमच्या रूमचा नाहीच" म्हणायला जागा उरली नाही.

मग रिसेप्शनवर जाऊन सांगा. तोंडी सांगून झालं की तेच दोन ओळींत हॉटेलच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवा: "रूम 104 ला बाल्कनी नाही, बुकिंग बाल्कनीचं आहे, बदलून द्या." उत्तर आलं नाही तरी वेळेची नोंद राहते. मी संध्याकाळी 4 वाजून 20 मिनिटांनी पाठवला होता. "आज फुल्ल आहे सर, उद्या बघू" असं उत्तर आलं. उद्या कुणी बघितलं नाही, पण ते वाक्य पुढे कामाला आलं.

मूळ फोटो फोनमध्ये तसेच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि काढल्याची तारीख-वेळ सांगणारी आतली माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर थेट ईमेलला जोडा.

3. मोजपट्टी कोण घेऊन जातं? रूमचा आकार कसा सिद्ध करायचा?

फरशा मोजा. हल्ली बऱ्याच लॉजमध्ये दोन फूट बाय दोन फुटांची फरशी असते. एक फरशी कशाने तरी मोजून खात्री करा. मी ए-फोर कागदाने मोजली. त्याची लांब बाजू जवळजवळ पावणेबारा इंच असते, दुकानदार म्हणून ते मला माहीत. मग दोन भिंतींच्या कडेने फरशा मोजायच्या, कॉट हलवायची गरज नाही. आमच्या रूममध्ये एका बाजूला 5, दुसऱ्या बाजूला 6 फरशा होत्या. म्हणजे 10 फूट बाय 12 फूट, 120 चौरस फूट.

यावर हॉटेल हमखास म्हणतं, "200 मध्ये बाथरूम धरलंय." धरू दे. आमचं बाथरूम 5 फूट बाय 6 फूट, म्हणजे 30. एकूण 150, तरी 50 कमीच. बाथरूमही मोजून ठेवा ते याचसाठी.

4. लिस्टिंगचे स्क्रीनशॉट काढलेच नव्हते. आता त्यांनी फोटो बदललेत. सगळं संपलं का?

संपलं नाही. बुकिंगच्या कन्फर्मेशनचा ईमेल उघडा, त्यात रूमचा प्रकार लिहिलेला असतो, आणि तो ईमेल हॉटेलला बदलता येत नाही. अ‍ॅपमध्ये जुन्या बुकिंगच्या पानावरही तो बहुधा दिसतो. हॉटेलची स्वतःची वेबसाइट असेल तर web.archive.org वर तिचं जुनं रूप सापडू शकतं. ते नेहमीच सापडतं असं नाही, पण बघायला पाच मिनिटं लागतात.

लोकांच्या नजरेतून निसटतं ते हॉटेलचं बिल. आमच्या बिलावर संगणकाने "डिलक्स बाल्कनी" छापलं होतं आणि शेजारी रूम नंबर 104. म्हणजे पैसे डिलक्सचे घेतले हे त्यांच्याच कागदावर. यापेक्षा मोठा पुरावा मी अजून पाहिलेला नाही. म्हणून निघताना बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. रोख देऊन बिल न घेतलेल्यांसाठी प्रश्न 14 आहे.

5. ईमेल हॉटेलला लिहायचा की अ‍ॅपला?

पैसे ज्याच्या खिशात गेले त्याला. अ‍ॅपवर आधीच भरले असतील तर परतावा सहसा अ‍ॅपमार्फतच फिरतो, तेव्हा अ‍ॅपला लिहा आणि प्रत हॉटेलला. "हॉटेलवर द्या" या पद्धतीने तिथं पोहोचून यूपीआयने दिले असतील, जसे मी दिले, तर हॉटेलला लिहा आणि प्रत अ‍ॅपला. प्रत दोन्ही वेळा पाठवायची, कारण नाहीतर हॉटेल अ‍ॅपकडे बोट दाखवतं, अ‍ॅप हॉटेलकडे, आणि तुम्ही मधे चेंडू.

अ‍ॅपवाल्यांसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो, त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. त्याचा पत्ता अ‍ॅपच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. चॅटवर वेळ घालवण्यापेक्षा त्या पत्त्यावर लिहा, चॅट बंद केली की बऱ्याचदा हाती काही राहत नाही.

6. किती पैसे मागायचे? सगळे परत मागितले तर?

बहुतेक ईमेल इथंच फसतात. "माझे सगळे पैसे परत करा" असं लिहिलंत आणि दोन रात्री तिथं झोपलात, तर मॅनेजरला नाही म्हणायला एक ओळ पुरते. उलट "काहीतरी कमी करा" असं लिहिलंत तर तो 200 रुपये देऊन मोकळा. आकडा तुम्हीच काढा, आणि तो हॉटेलच्याच दरपत्रकातून काढा. मग भांडण तुमच्या मताशी राहत नाही, त्यांच्या दराशी राहतं.

मी असा काढला. बुकिंग होतं डिलक्सचं, एका रात्रीचे 3,200 रुपये. त्याच हॉटेलची बाल्कनी नसलेली स्टँडर्ड रूम त्याच तारखांना 2,300 ला होती. प्रत्यक्षात मिळालेली रूम स्टँडर्डच. एका रात्रीचा फरक 900, दोन रात्रींचा 1,800. त्यावर 5 टक्के जीएसटी 90 रुपये. मागणी 1,890 रुपये. आम्ही भरले होते 6,400 आणि जीएसटी 320, एकूण 6,720.

यात दोन गोष्टी सांभाळा. दर त्याच तारखांचे हवेत. डिसेंबरच्या डिलक्सची तुलना जूनच्या स्टँडर्डशी केलीत की मॅनेजर "सीझन" एवढं म्हणून सुटतो. म्हणून तिथं असतानाच, त्याच संध्याकाळी, अ‍ॅपवर दुसऱ्या प्रकारच्या रूमचा दर उघडून स्क्रीनशॉट काढा. घरी आल्यावर तो मिळत नाही. हॉटेल फुल्ल असेल तर दर दिसत नाही, मग रिसेप्शनवर लावलेलं दरपत्रक असेल तर त्याचा फोटो घ्या.

दुसरं, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे लावू नका. माझी रूम लहानही होती आणि तिला बाल्कनीही नव्हती. पण स्टँडर्ड आणि डिलक्सच्या दरातला फरक म्हणजे या दोन्हींचीच किंमत. मी 50 चौरस फुटांचे वेगळे पैसे लावले असते तर सगळा हिशोबच संशयास्पद झाला असता. फरशांचा आकडा ईमेलमध्ये दिला तो फक्त मिळालेली रूम डिलक्स नव्हती हे दाखवायला.

7. हॉटेलमध्ये एकाच प्रकारच्या रूम होत्या. मग फरक कुठून काढणार?

मग न मिळालेल्या सोयीची किंमत बघा. एसी आणि बिगर-एसी असे दोन दर लिहिलेले असतील तर एसी बंद होता त्या रात्रींपुरता तो फरक. नाश्ता धरून आणि न धरता असे दोन दर असतील तर तो फरक. असा कुठलाच दर नसेल तर मी एका रात्रीच्या भाड्याचा ठराविक भाग मागायला सांगतो. सोय किती महत्त्वाची त्यावर चौथा किंवा तिसरा हिस्सा, आणि त्याचं कारण एका वाक्यात. हा अंदाज आहे, कायदा नाही, आणि ईमेलमध्येही तो अंदाज म्हणूनच लिहा.

8. ईमेलमध्ये नेमकं काय लिहायचं? नमुना द्या.

माझा जसाच्या तसा देतो, फक्त बुकिंग नंबर काढून:

> विषय: बुकिंग क्र. ____, रूम 104, 26 ते 28 डिसेंबर: डिलक्सऐवजी स्टँडर्ड रूम मिळाली, 1,890 रुपये परत करण्याबाबत
>
> मॅनेजर साहेब, नमस्कार.
>
> आम्ही 26 ते 28 डिसेंबर, दोन रात्री आपल्याकडे राहिलो. बुकिंग "डिलक्स, समुद्राच्या बाजूची बाल्कनी, 200 चौरस फूट" या रूमचं होतं आणि त्याच दराने 6,720 रुपये घेतले गेले. बिलावरही डिलक्सच लिहिलं आहे.
>
> मिळालेल्या 104 नंबरच्या रूमला बाल्कनी नाही, खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते आणि बाथरूम धरून जागा 150 चौरस फूट आहे. मी 26 तारखेला 4.20 वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर रूम बदलून मागितली. आपल्या रिसेप्शनने "आज फुल्ल आहे, उद्या बघू" असं उत्तर दिलं. रूम बदलून मिळाली नाही.
>
> त्याच तारखांना आपल्या स्टँडर्ड रूमचा दर 2,300 रुपये होता. डिलक्सच्या 3,200 मधून तो वजा केल्यास फरक रात्रीला 900, दोन रात्रींचे 1,800, अधिक 5 टक्के जीएसटी 90, एकूण 1,890 रुपये. ही रक्कम मी ज्या यूपीआय खात्यातून पैसे दिले त्याच खात्यात 7 जानेवारीपर्यंत परत करावी, ही विनंती.
>
> कर्मचाऱ्यांची वागणूक चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही.
>
> सोबत: कन्फर्मेशन, बिल, रूमचे चार फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा आणि स्टँडर्ड दराचा स्क्रीनशॉट. व्हिडिओ मागितल्यास पाठवतो.

कर्मचाऱ्यांबद्दलचं वाक्य कशाला, असं बायकोने विचारलं होतं. ते खरं होतं म्हणून, आणि ईमेल उघडणारा माणूस बहुधा त्याच रिसेप्शनवर बसलेला असतो म्हणून. तुमच्याकडे वागणूक वाईट असेल तर हे वाक्य अर्थातच गाळा.

विषयातच रक्कम लिहा. मालकाकडे ईमेल पुढे गेला की तो विषय वाचतो, बाकीचं खाली सरकवतो. कायद्याची कलमं, "ग्राहक कोर्टात खेचीन", "फसवणूक" हे शब्द पहिल्या ईमेलमध्ये नकोत. त्यांची जागा प्रश्न 12 मध्ये आहे.

9. मराठीत लिहिलेलं चालेल का, की इंग्रजीच हवं? हॉटेल दांडेलीचं असेल तर कन्नड?

वाचणाऱ्याला कळेल त्या भाषेत. कोकणात आणि गोव्यात बऱ्याच ठिकाणी मराठी वाचतात, पण मोठ्या हॉटेलचा ईमेल दुसऱ्याच शहरातल्या कार्यालयात उघडला जातो, तिथं इंग्रजी बरं. दांडेली, गोकर्णला मी कन्नडमध्ये लिहायला सांगतो, येत असेल तर. निपाणी, खानापूरच्या पोरांना शाळेतलं कन्नड असतंच, फक्त बिचकतात. वाक्यं साधी आणि आकडे स्पष्ट असले की भाषेच्या चुकीवरून कुणी पैसे अडवत नाही.

एक गोष्ट आमच्या भागाची म्हणून सांगतो. प्रकरण पुढे बेळगावच्या ग्राहक आयोगात नेलंत तर तिथं काम कन्नड-इंग्रजीत चालतं. मराठी ईमेल, मराठी चॅट यांचं भाषांतर जोडायची तयारी ठेवा. हा त्रास नको असेल तर पहिल्यापासून इंग्रजीत लिहा.

10. "तुम्ही राहिलात ना दोन रात्री? मग तक्रार कसली?" याला उत्तर काय?

राहिलो, म्हणूनच सगळे पैसे मागत नाही, फरक मागतोय. एवढंच उत्तर. रात्री नऊला म्हातारी आई, दोन पोरं आणि सामान घेऊन सीझनमध्ये दुसरं हॉटेल शोधायला कोण निघणार? नाइलाजाने राहणं म्हणजे रूम पसंत पडली असं होत नाही. पण हे ठासून म्हणायचं तर पहिल्याच दिवशी लिहून सांगितलेलं हवं. तीन दिवस गप्प राहून चौथ्या दिवशी घरून ईमेल केलात, तर त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य येतं आणि आकडा खाली उतरतो.

फोटोखाली "प्रातिनिधिक" लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. त्या शब्दाने पडद्याचा रंग बदलतो, रूमची बाल्कनी नाहीशी होत नाही. "नॉन-रिफंडेबल" बुकिंगचंही तसंच. ती अट तुम्ही बेत रद्द केलात त्यासाठी असते. इथं तुम्ही गेलात, पैसे भरलेत, आणि ठरलेली वस्तू त्यांनी दिली नाही.

11. हॉटेल पैसे न देता पुढच्या वेळेचं कूपन देतंय. घ्यावं का?

परत तिथं जाणार असाल तर घ्या. मला चौथ्या दिवशी 500 रुपयांचं कूपन आलं, सहा महिन्यांच्या मुदतीचं. मी दोन ओळी लिहिल्या: "कूपनबद्दल आभार, पण आम्ही लवकर परत येणार नाही. हिशोब वर दिला आहे, त्यात चूक असेल तर दाखवावी." हिशोबातली चूक दाखवा म्हटलं की समोरच्याला एकतर आकडे तपासावे लागतात, नाहीतर द्यावे लागतात. दोन दिवसांनी 1,800 जमा झाले.

90 रुपये राहिले. "जीएसटी सरकारला भरला, तो परत येत नाही" असं उत्तर. हे चूक आहे. भाडं नंतर कमी केलं तर हॉटेल क्रेडिट नोट काढून तेवढ्या रकमेचा कर आपल्या पुढच्या हिशोबात कमी करू शकतं. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या रूमला 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या रूमला 18 टक्के. महागड्या हॉटेलात हा कराचा भाग चांगला मोठा होतो, तो सोडू नका. माझे 90 रुपये आणखी पाच दिवसांनी आले, सोबत क्रेडिट नोटची पीडीएफ. मोबदल्यात आईने कुंदा आणायला लावला, तो 90 मध्ये बसला नाही.

12. उत्तरच येत नाही. किती दिवस थांबायचं आणि पुढे काय?

पहिल्या ईमेलमध्ये दिलेली तारीख उलटू द्या. मग त्याच ईमेलला उत्तर देऊन दुसरा पाठवा, नवा विषय काढू नका, म्हणजे सगळं एका धाग्यात राहतं. आता कायद्याचं नाव घ्यायला हरकत नाही: ग्राहक संरक्षण कायदा 2019, दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी. आणखी सात दिवस द्या.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन 1915 किंवा consumerhelpline.gov.in. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे पाठवतात, आणि अ‍ॅपवाले तिथं बरेचदा हलतात. एकटंदुकटं लॉज असेल तर फार आशा धरू नका. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेत "सेवा वर्णनाप्रमाणे नव्हती" असा वाद नोंदवता येतो का ते लगेच विचारा, त्याला मुदत असते.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. ऑनलाइन तक्रार e-jagriti.gov.in वर करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत. मानसिक त्रासाची भरपाई, खर्च हे सगळं मागायची जागा ही. 1,890 रुपयांसाठी मी स्वतः गेलो नसतो. 15-20 हजारांसाठी गेलो असतो.

13. आम्ही कर्नाटकात, हॉटेल गोव्यात किंवा महाराष्ट्रात. तक्रार कुठं करायची?

बेळगावातच. 1986 च्या जुन्या कायद्यात समोरचा जिथं व्यवसाय करतो किंवा जिथं घटना घडली तिथं जावं लागायचं. मग पणजीच्या हॉटेलसाठी चोर्ला घाट चढउतार कोण करणार? 2019 च्या कायद्याच्या कलम 34 मध्ये तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. चंदगडचा माणूस कोल्हापूरला करेल, खानापूरचा बेळगावला, हॉटेल एकच असलं तरी. पत्त्याचा पुरावा मात्र सध्याचा लागेल. आधार कार्ड गडहिंग्लजचं आणि राहणं टिळकवाडीत, अशी आपल्याकडे घरटी एक केस असते. तेव्हा भाडेकरार किंवा लाइट बिल तयार ठेवा.

14. बुकिंग मेहुण्याच्या नावावर होतं, पैसे मी रोख दिले, बिल घेतलं नाही. आता?

ईमेल मेहुण्याच्याच पत्त्यावरून जाऊ द्या, ज्याच्या नावावर बुकिंग त्याच्याशीच हॉटेल बोलतं. तुमचं नाव सोबत राहणारे म्हणून घाला. बिलासाठी आधी एक वेगळा, गोड ईमेल करा: "26 तारखेच्या मुक्कामाचं बिल पाठवावं, ऑफिसला द्यायचं आहे", पण खरंच द्यायचं असेल तरच असं लिहा, नाहीतर नुसतं बिल मागा. बिल आलं की तक्रारीचा ईमेल. क्रम उलटा केलात तर बिल येत नाही.

15. पहिली रात्र वाईट रूम, दुसऱ्या रात्री बदलून दिली. तरी मागायचे?

पहिल्या रात्रीपुरते मागा, आणि दुसऱ्या दिवशी रूम बदलून दिल्याचं ईमेलमध्ये लिहा. लपवलंत तर ते तेच एक वाक्य पकडतील. हिशोब प्रश्न 6 प्रमाणे, फक्त एका रात्रीचा.

16. लग्नासाठी 12 रूम घेतल्या, त्यातल्या 5 वेगळ्या निघाल्या. कसं लिहायचं?

ईमेल एकच, ज्याने बुकिंग केलं त्याच्या नावाने, आणि आत एक तक्ता: रूम नंबर, काय ठरलं, काय मिळालं, किती रात्री, फरक किती. सात रूम ठीक होत्या हे पहिल्याच ओळीत लिहा. मला माहीत असलेल्या एका लग्नात मुलीच्या मामांनी बाराच्या बारा रूमचे पैसे मागितले, कारण "सगळीकडेच तसं होतं". मॅनेजरने सात चांगल्या रूमचे फोटो पाठवून दिले आणि पाच खऱ्या तक्रारीही त्यात बुडाल्या. अशा वेळी प्रत्येक रूममधल्या पाहुण्याला पोहोचल्या पोहोचल्या दारावरच्या नंबरचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगा. हळदीच्या गडबडीत ते होत नाही, म्हणून हे काम एका पोराला आधीच नेमून द्या.

17. रिव्ह्यू टाकू का? टाकला तर पैसे अडकतील का?

रिव्ह्यू तुमचा हक्क आहे, पण "पैसे द्या नाहीतर एक स्टार देतो" असं कधीही लिहू नका. ते धमकीसारखं दिसतं आणि पुढे तुमचाच ईमेल तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. मी प्रकरण मिटल्यावर टाकला: रूम 104 ला बाल्कनी नाही, तक्रारीनंतर फरक परत मिळाला, पोहोचल्यावर रूम बघून मगच पैसे द्या. आठवडाभरात त्यांनी लिस्टिंगवर तळमजल्याच्या रूमचे फोटो वेगळे लावले. खिडकीबाहेरची भिंतही आहे त्यात, कोपऱ्यात.